मदत हवी आहे: चिनी कथेतला रुनथू मराठीत मित्राला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’?

शेवंती

नमस्कार. लू श्युन यांच्या १९२१ सालच्या ‘कुश्यांग’ या कथेचा मी मूळ चिनीवरून मराठी अनुवाद करते आहे. नावाचा अर्थ ‘आपलं गाव’. निवेदक वीसेक वर्षांनी गावी येतो, ते विकलेलं घर सोडून आईला घेऊन कायमचा जाण्यासाठी. निवेदन नीट उतरलं आहे, संवादांवर मात्र महिनाभर अडकले आहे.

रुनथू हा निवेदकाचा लहानपणचा सोबती. त्याचे वडील निवेदकाच्या घरी सणासुदीला आणि खंड वसुलीच्या दिवसांत कामाला येत. अकरा-बारा वर्षांची ही मुलं एकमेकांना सरळ ‘नी’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘तू’. ‘आत्ता फार थंडी आहे, उन्हाळ्यात तू आमच्याकडे ये,’ असं रुनथू सांगतो आणि शिंपले, कलिंगडाची राखण यांबद्दल भरभरून बोलत राहतो. आता तोच रुनथू दारात येतो. निवेदक म्हणतो, ‘अरे रुनथूदादा, आलास?’ रुनथूचा चेहरा आधी खुलतो, मग उतरतो आणि तो म्हणतो, ‘लाओये!’

सगळी कथा या एका शब्दावर उभी आहे. माझ्या खर्ड्यात आधी ‘साहेब’ होतं, ते कचेरीतलं वाटलं. मग ‘मालक’ केलं. त्यापुढची रुनथूची वाक्यं ‘तुम्ही’ने लिहिली, तर तो चारचौघांसारखा सभ्य गृहस्थ वाटतो, दबलेला वाटत नाही. काय करावं?

बांधावरचा

त्याला गावरान बोली द्या. ‘व्हय जी’, ‘न्हाई मालक’. शेतकरी माणूस आहे, दोन शब्दांत वाचकाला कळेल कोण बोलतंय ते. शुद्ध मराठीत शेतकरी बोलायला लागला की अनुवादाचा वास येतो.

रविवारची चहा

चिनी नावं मराठीत कशी लिहायची याचा तक्ता मलाही हवा आहे. ‘रुनथू’ की ‘रुंटू’? कुणी पाठवेल का?

मोडीवाचक

नावांसाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न मागे पडेल.

शेवंतीताई, मी ही कथा चिनीत बऱ्याचदा शिकवली आहे, म्हणून एक गोष्ट तपासायला सांगतो. मोठा झालेला रुनथू निवेदकाशी बोलतो ती सगळी वाक्यं एका कागदावर उतरवा. त्यांत ‘नी’ एकदाही नाही. आदरार्थी ‘नीन’ही नाही. तो मुळात बीजिंगकडचा प्रयोग, लेखकाच्या शाओशिंगच्या बोलीत तो नाहीच. सर्वनामाच्या जागी रुनथू दर वेळी ‘लाओये’ ठेवतो. ‘लाओये परत आले हे कळल्यावर फार आनंद झाला’, असं तो निवेदक समोर उभा असताना त्याच्या आईला सांगतो. म्हणून ‘तू की तुम्ही’ या प्रश्नाचं मूळातलं उत्तर ‘दोन्ही नाही’ असं आहे.

बांधावरचा यांचं म्हणणं अर्धं पटतं. वाचकाच्या कानाला खूण हवी, हे खरं. पण बोली दिली तर ती लहान रुनथूलाही द्यावी लागेल, कारण तोही त्याच समुद्रकाठच्या शेतातला. मग पोरगा आणि बाप्या एकाच सुरात बोलतील आणि मधल्या तीस वर्षांत काय मोडलं ते ऐकूच येणार नाही. मूळात हेल बदलत नाही. लहानपणी वाक्यं लांब आणि पुरी आहेत, मोठेपणी ती अर्ध्यावर तुटतात. तो वाळवलेल्या हिरव्या दाण्यांची भेट आणतो तेव्हाही ‘घरचेच आहेत, उन्हात वाळवलेले, लाओयेंनी…’ इथे थांबतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे तुटणं आपल्याकडे फार सहज उतरतं.

तांबडी माती

मी चिनी जाणत नाही, घरची गोष्ट सांगते. आजोबांचे शाळेतले एक मित्र पुढे आमच्याच शेतावर कामाला होते. आजोबा त्यांना ‘अरे’ म्हणत. ते आजोबांना ना ‘तू’ म्हणत, ना ‘तुम्ही’. ‘कधी येणं झालं?’ ‘जेवण झालं का?’ ‘औषध घ्यायचं राहिलं वाटतं.’ मला ते वर्षानुवर्षं नुसतं बोलण्याचं वळण वाटायचं. आजोबा वारल्यावर आजीने सांगितलं की शाळेत दोघं एकमेकांना शिव्या देत असत.

शेवंती

तांबडी माती, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मला हवं ते वळण हेच. मोडीवाचकजी, मी वाक्यं उतरवून पाहिली. खरंच एकही ‘नी’ नाही. इतक्यांदा वाचूनही हे निसटलं होतं.

आता असं केलं आहे. आई म्हणते, ‘अरे, असा परक्यासारखा काय बोलतोस? आधी भावाभावांसारखे हाका मारायचात ना?’ त्यावर रुनथू:

‘छे, आईसाहेबांचं आपलं काहीतरीच… असं कुठं चालतं का. तेव्हा पोर होतो, कळत नव्हतं…’

आणि पहिल्या भेटीत: ‘पत्र कधीच पोचलं होतं. फार बरं वाटलं, मालकांचं येणं होतंय म्हणून…’

मुलाला पुढे ढकलताना मी आधी ‘पाया पड’ लिहिलं होतं. ते काढलं. पाया आपण घरच्या वडीलधाऱ्यांच्याही पडतो, त्यात मायाही असते. आता ‘मालकांपुढं डोकं टेक’ असं आहे.

मोडीवाचक

‘डोकं टेक’ उत्तम. ‘मालक’बद्दल शंका राहते. रुनथू आता यांच्याकडे कामाला नाही. ‘लाओये’ हा नोकरीतला शब्द नाही, दर्जाचा आहे. जहागीर नसलेल्या, शिकलेल्या घरच्या पुरुषालाही तो लागतो.

बांधावरचा

मग ‘धनी’ घ्या.

तांबडी माती

आमच्याकडे बायका नवऱ्याला धनी म्हणतात. गोंधळ होईल.

मोडीवाचक

‘रावसाहेब’ दर्जाला जवळ जातं, पण त्याला जातीचा आणि इंग्रजी अमदानीचा रंग चढतो. मूळात तो नाही. माझ्याकडे याहून चांगला शब्द नाही. ‘मालक’ ठेवलात तर पहिल्या हाकेनंतर एक ओळ कोरी सोडा, तिथे वाचकाला थांबू द्या.

शेवंती

अजून एक विचारते. शेजारची यांग वहिनी पन्नाशीची आहे, पूर्वी टोफूच्या दुकानात बसायची. ती निवेदकाला ‘अरे, ओळखलं नाहीस? कडेवर घेऊन फिरवलाय तुला मी!’ असं म्हणते, तिथे ‘तू’ आपोआप येतो. मग त्याला ती आठवत नाही म्हणून टोमणा मारते, की थोरामोठ्यांची नजर उंच असते. इथे मी एका वाक्यापुरतं ‘अहो’ वापरलं: ‘बरोबर आहे हो, मोठी माणसं तुम्ही, आम्ही कशाला दिसू!’ लगेच पुढे परत ‘तू’: ‘ताओथाय झालास, तीन-तीन बायका केल्यास, आठ भोयांच्या पालखीतून हिंडतोस, आणि म्हणे पैसा नाही!’ मूळात ती ‘नी’ बदलत नाही.

मोडीवाचक

मी नसतं केलं. ‘तुम्ही’ तिच्या तोंडी आधी येऊन गेलं, तर रुनथूच्या हाकेचा धक्का बोथट होईल. यांग वहिनी कथेत त्याच्या आधी येते.

तांबडी माती

मला उलट वाटतं. टोमण्यातलं ‘अहो’ आपल्या बायका असंच वापरतात, आणि ते खोटं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. रुनथूचं खरं आहे. खोटं आधी ऐकलेलं असलं तर खरं जास्त लागेल.

शेवंती

दोन्ही पटतंय. तो परिच्छेद दोन्ही तऱ्हांनी लिहून आईला मोठ्याने वाचून दाखवते, चिनी न जाणणारी तीच एक वाचक हाताशी आहे. परवा इथे कळवते.