सहल कंपनीनेच रद्द केली, पैसे मात्र आपले कापले: तुमचे अनुभव सांगा

सुलभा, म्हापसा
आज शेजारच्या काकी एक फॉर्म घेऊन आल्या, "सही करू का गो?" फॉर्म बघितला आणि २०२३ चा मे आठवला. आमची चौघांची हिमाचल सहल, १,१२,००० रुपये भरलेले. निघायला ९ दिवस असताना एजन्सीचा मेसेज आला: पुरेशी माणसं नाहीत, सहल रद्द. दुसऱ्या दिवशी 'रिफंडसाठी' फॉर्म आला. त्यात बारीक अक्षरात 'मी स्वेच्छेने बुकिंग रद्द करत आहे'. सही केली असती तर २५ टक्के, म्हणजे २८,००० कापून उरलेल्याची क्रेडिट नोट मिळणार होती. ती कपात आपण रद्द केलं तर लागते. इथे तर त्यांनीच रद्द केली होती!
मी सही केली नाही. त्यांचा मेसेज आणि पावत्या जोडून ईमेल केला: रद्द तुम्ही केली, पूर्ण रक्कम खात्यात जमा करा, १५ दिवसांत. उत्तर आलं नाही, म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १९ दिवसांनी सगळे पैसे आले.

विठ्ठल, फोंडा
एवढं कशाला? बँकेला सांगायचं, पैसे परत खेचून देते.

नितीन, डिचोली
विठ्ठलभाऊ, ते कार्डाने भरले असतील तर. तिथे बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो, तोही मुदतीत. यूपीआयने किंवा एनईएफटीने स्वतः पाठवलेले पैसे बँक सहसा असे परत आणत नाही.
सुलभाताईंची युक्ती बरोबर. १९१५ वाले मध्यस्थी करतात, हुकूम देत नाहीत. एजन्सी बधली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असली तरी. दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एजन्सी म्हणेल 'पैसे पुढे ऑपरेटरला दिले', म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घाला.

मेधा, साखळी
सुलभा, काकींनी सही नाही ना केली? माझ्या सासऱ्यांनी केली होती, व्हाउचर अजून कपाटात आहे, मुदत संपून. फार वाईट वाटतं गो.

रोहन, पर्वरी
माझं वेगळं. दुबई सहल रद्द झाली, पॅकेजचे पैसे आले, पण टीसीएस म्हणून घेतलेला कर परत दिला नाही. बुडाला का?

नितीन, डिचोली
आयकर खात्याच्या २६एएस मध्ये तुमच्या पॅनवर दिसतो का ते आधी बघा. दिसत असेल तर रिटर्न भरताना मागता येतो.

प्रिया, मडगाव
आणि मोपाहून दिल्लीचं तिकीट आम्ही वेगळं काढलेलं, ते ९,४०० कोणाकडे मागायचे? कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही.

नितीन, डिचोली
मागा नक्की. त्यांनी सांगितलेल्या तारखांवरच तिकीट काढलं हे दाखवणारा मेसेज हवा. मिळतीलच असं सांगत नाही.

मेधा, साखळी
चवथीला येतेस ना गो प्रिया? पातोळ्यांना हळदीची पानं आमच्याकडे भरपूर.

सुलभा, म्हापसा
मेधा, नाही केली सही. आत्ताच काकींचा ईमेल पाठवला, त्या बाजूला बसून आहेत.