वर्षात ७ किलो वाढले, डाएट करू द्यावं का?

मुलीची आई: मुलगी १२ वर्षांची. वर्षभरात ३४ किलोची ४१ झाली. कंबरेखाली भरलीये, पोटही थोडं दिसतं. पाळी अजून आलेली नाही. आठवडाभर रात्री जेवत नाहीये, म्हणते डाएट. करू द्यावं का?

मैदानवाला: राग मानू नका, पण ७ किलो जास्तच. मी मुलांना खेळ शिकवतो. 'वयात येतेय' म्हणून सोडून दिलं की तेच वजन पुढे उतरत नाही. उपाशी ठेवू नका, पण आत्ताच लक्ष घाला.

दोन मुलींची मावशी: काही होत नाही गं. उंची वाढली की सगळं आपोआप उतरतं.

बालरोगतज्ज्ञ: ताई, उंची किती वाढली ते लिहिलंच नाहीत.

मुलीची आई: १४२ सेंटीमीटरची १४९ झाली.

बालरोगतज्ज्ञ: मग हिशेब करू. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की गेल्या वर्षी १६.९ येतात, यंदा १८.५. या वयात हा आकडा दरवर्षी थोडा वाढतोच, त्यामुळे एवढ्यावरून घाबरण्यासारखं काही दिसत नाही. मुलींची उंची पाळीच्या आधी झपाट्याने वाढते आणि वजनाचा जोर तिच्या मागून येतो. मावशी, सगळं मात्र उतरत नाही हो. मांड्या-नितंबांवरची चरबी इस्ट्रोजेनमुळे येते आणि ती राहायलाच आलेली असते. ती जाण्याची वाट बघायला लावलं तर पोरगी स्वतःवरच चिडेल. रात्रीचं जेवण आजच सुरू करा. या काळात खाणं तोडलं तर पाळी लांबते आणि हाडं भरायची तेवढी भरत नाहीत.

नववीतला: मी १४ वर्षांचा मुलगा. एका निपलखाली बटणाएवढी गाठ आहे, शर्ट घासला की दुखते. मी जाडा झालोय म्हणून का? पोहणं सोडलंय.

बालरोगतज्ज्ञ: नाही रे, बाळा. साधारण निम्म्या मुलांना या वयात असं होतं, बारीक मुलांनाही. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत जातं. एकदा दाखवून घे. गाठ दगडासारखी कडक असेल किंवा निपलमधून पाणी येत असेल तर लगेच. आणि पोहायला जा.

मैदानवाला: मग खरंच जास्त झालंय हे ओळखायचं कसं?

बालरोगतज्ज्ञ: एका आकड्यावरून नाही. दर ६ महिन्यांनी उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर मांडा. मूल आपली रेषा सोडून वरच्या रेषा ओलांडत गेलं, मानेवर काळपट जाड कातडी आली, तर तुमचं म्हणणं खरं. वजन वाढतंय आणि उंची थांबलीये, तर थायरॉईड वगैरे तपासायचं.

मैदानवाला: तक्ता बघणारे आईबाप मला अजून भेटायचेत. तोवर मी टोकणारच.

बालरोगतज्ज्ञ: पालकांना टोका. मुलांसमोर नको.

मुलीची आई: आज जेवली, अर्धंच. काटा मी कपाटात ठेवलाय. तिने दोनदा विचारलं, कुठे गेला म्हणून.