मदत हवी आहे: लूव्रच्या ऑडिओ गाइडमध्ये मराठी-हिंदी नाही, आईला कसं ऐकवू?

प्राजक्ता_क: पुढच्या महिन्यात आईला पॅरिसला नेतेय. लूव्रच्या ऑडिओ गाइडमध्ये फ्रेंच, इंग्रजी, जपानी, कोरियन वगैरे भाषा आहेत, पण मराठी नाही, हिंदीही नाही. आईला इंग्रजी थोडंफार वाचता येतं, ऐकून मात्र कळत नाही. हम्मुराबीचा शिलालेख बघायची तिची फार इच्छा आहे. फोनवर काही करता येईल का?

सह्याद्री७: सोप्पं आहे. गूगल ट्रान्सलेटचं संभाषण सुरू करा आणि गाइडचा आवाज फोनला ऐकवा.

वि_देशमुख: शांत खोलीत जमेल, तिथे नाही. गर्दीचा आवाज मिसळला की वाक्यं अर्धवट पकडली जातात, आणि गाइड स्पीकरवर लावला तर शेजारच्यांना त्रास. ऐकवण्यापेक्षा मजकूर वाचून घ्या. तिथल्या बऱ्याच पाट्या फक्त फ्रेंचमध्ये आहेत, त्यामुळे तुम्हालाही हे लागेलच.

निघण्यापूर्वी ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच आणि मराठी डाउनलोड करा. ॲन्ड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधून मराठी आवाजही वेगळा उतरवा. इथेच लोक फसतात. भाषांतर दिसतं, पण नेट नसलं की फोन बोलत नाही. घरीच विमान मोड लावून एक मराठी वाक्य वाचायला लावा, लगेच कळेल.

मीनाताई_पुणे: आम्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठी गाइड घेतला होता, फार छान होता. तिकीट खिडकीवर मागून बघा ना.

वि_देशमुख: ताई, प्रश्न पॅरिसचा आहे. पण भाषा उपकरण घेतानाच तपासावी हे खरं. आत गेल्यावर चुकीची भाषा लक्षात आली तर खिडकीपर्यंत परत चालणं आईंना जड जाईल.

प्राजक्ता, शिलालेखासाठी याहून चांगली सोय आहे. आदल्या रात्री हॉटेलात क्रोममध्ये collections.louvre.fr उघडा, शोधात Sb 8 लिहा. हा त्याचा नोंदणी क्रमांक. नोंद फ्रेंचमध्ये आहे, पान मराठीत भाषांतरित करा, नीट वाचून चुका सुधारा आणि तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून आईंच्या फोनवर ठेवा. सव्वादोन मीटर उंच काळा बेसाल्ट आहे. वर राजा हम्मुराबी सूर्यदेव शमाशसमोर उभा आहे, खाली कायदे कोरलेत. आधी वरचं चित्र, मग अक्षरं, या क्रमाने बोला.

प्राजक्ता_क: हे फारच आवडलं! ऐनवेळी दिसलेल्या वस्तूंचं काय?

वि_देशमुख: पाटीसमोर सरळ उभं राहून फ्लॅशशिवाय फोटो काढा, मग ट्रान्सलेटमध्ये तो उघडून सगळा मजकूर निवडा आणि स्पीकरच्या खुणेवर दाबा. काचेवर दिवा चमकत असेल तर थोडं बाजूला सरका. मराठी वाक्य अगदीच विचित्र वाटलं तर फ्रेंचचं इंग्रजी करून पाहा, ते बहुधा जास्त नीट येतं, आणि तुम्हीच आईंना सांगा.

प्राजक्ता_क: आईकडे आयफोन आहे. त्यावर नेटशिवाय मराठी आवाज येतो का? कुणी वापरून पाहिलंय?