मदत हवी आहे: वीज गेल्याने चित्रीकरण मध्येच तुटले, १६.४ जीबीची एमपी४ फाईल उघडत नाही

सावईची_वाट

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातला आहे. आमच्या गावच्या जत्रेत रात्री मराठी पौराणिक नाटक होते आणि त्याचे चित्रीकरण दरवर्षी मी करतो. या वर्षी माझ्या काकांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, शेवटचे म्हणून राजाचे काम केले. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण नाटकाला पुरत नाही, म्हणून बॅटरीच्या जागी डमी बॅटरी घालून मी तिची वायर मंडपातल्या प्लगला जोडली होती. पहिला अंक नीट उतरला. दुसरा अंक रात्री १ वाजून १० मिनिटांनी सुरू झाला आणि २ वाजायला तीन मिनिटे असताना जनरेटर बंद पडला. मंडपात अंधार झाला आणि त्याच क्षणी कॅमेराही बंद झाला.

नंतर खरी बॅटरी घालून कॅमेरा सुरू केला, तेव्हा कार्डावरील फाईल दुरुस्त करायची का, असे त्याने विचारले. काही बिघडेल या भीतीने मी नाही म्हटले. आता संगणकावर फाईल १६.४ जीबीची दिसते, पण कोणत्याही प्लेअरमध्ये उघडत नाही. ffmpeg ला दिली असता हे उत्तर येते:

```
moov atom not found
C0007.MP4: Invalid data found when processing input
```

काकांचे स्वगत याच अंकात आहे. ते परत मिळण्याची काही शक्यता आहे का?

रानवारा

व्हीएलसी प्लेअरच्या सेटिंगमध्ये बिघडलेली फाईल आपोआप दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, तो चालू करून पाहा. माझ्या एका जुन्या फाईलला त्याचा उपयोग झाला होता. तेही जमले नाही, तर पहिल्या अंकाच्या चांगल्या फाईलमधला moov हा भाग कापून या फाईलच्या शेवटी जोडता येईल, कारण कॅमेरा एकच आहे.

जुनी_टेप

रानवारा, व्हीएलसीतील तो पर्याय एव्हीआय फायलींसाठी आहे, त्यामुळे तुमची जुनी फाईल बहुधा एव्हीआय असावी. एमपी४ ला त्याचा उपयोग होत नाही. दुसऱ्या सूचनेतला अर्धा भाग मात्र बरोबर आहे. चांगल्या फाईलची गरज लागतेच, पण तिचा moov जसाच्या तसा चिकटवून भागत नाही. प्रत्येक फ्रेम फाईलमध्ये कोणत्या बाइटपासून सुरू होते आणि किती लांब आहे, याची यादी त्या भागात असते आणि ती त्या एकाच चित्रीकरणाची असते. पहिल्या अंकाची यादी दुसऱ्या अंकाला लावली, तर प्लेअर प्रत्येक फ्रेम चुकीच्या जागी शोधेल.

सावईची_वाट, तुमच्या बाबतीत नेमके काय झाले ते सांगतो. कॅमेरा चित्र आणि आवाज कार्डावर लिहीत जातो, पण ही यादी तो थांबवण्याचे बटण दाबल्यावर शेवटी लिहितो. खरी बॅटरी संपत आली, तर बहुतेक कॅमेरे थोडी वीज शिल्लक असतानाच फाईल बंद करून घेतात. डमी बॅटरीची वीज अचानक तुटली, की तेवढाही अवधी मिळत नाही. तुमचे चित्रीकरण ५० मेगाबिटचे असेल, तर मिनिटाला सुमारे ३७५ एमबी होतात, म्हणजे ४७ मिनिटांचे सुमारे १७,६०० एमबी, आणि तेवढीच फाईल विंडोज १६.४ जीबी म्हणून दाखवते. आकडा इतका जुळतो, त्या अर्थी अंक कार्डावर आहे असे मी धरतो. आकार शून्य दिसला असता, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

आता क्रम सांभाळा. कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी खाली सरकवा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहिणार नाही. Win32 Disk Imager ने पूर्ण कार्डाची प्रतिमा घ्या. ६४ जीबीचे कार्ड असेल तर डिस्कवर तेवढी जागा लागेल. प्रतिमा हाती आल्यावरच लॉक काढून कार्ड त्याच कॅमेऱ्यात घाला आणि दुरुस्तीचा प्रश्न पुन्हा आला तर होय म्हणा, कारण आपल्या फाईलची रचना त्या कॅमेऱ्याइतकी कोणालाच ठाऊक नसते. प्रश्न आला नाही, तर untrunc वापरा. आधी चांगली फाईल आणि मग बिघडलेली, हा क्रम उलटू देऊ नका:

```
untrunc C0006.MP4 C0007.MP4
```

मांडवीकाठ

माझीही अशीच अडचण आहे. भाचीच्या बारशाचा व्हिडिओ फोनमधून चुकून पुसला गेला. तो या आज्ञेने परत येईल का?

जुनी_टेप

नाही ताई, तुमची अडचण वेगळी आहे. इथे फाईल आहे, फक्त अपुरी आहे. तुमची फाईलच पुसली गेली आहे. आधी फोनच्या गॅलरीतील कचरापेटी पाहा आणि तोवर त्या फोनवर नवे काही चित्रित करू नका. तिथे नसेल तर वेगळा धागा काढा.

सावईची_वाट

सांगितल्याप्रमाणे प्रतिमा घेतली. कॅमेऱ्याने पुन्हा काही विचारले नाही, म्हणून untrunc चालवले. C0007_fixed.MP4 तयार झाली आणि ती उघडते! पण चित्र दुप्पट वेगाने धावते आणि साडेतेवीस मिनिटांत संपते. आवाज मात्र आपल्या गतीने पुढे चालू राहतो.

जुनी_टेप

दोन अंकांच्या मध्ये तुम्ही सेकंदाच्या फ्रेमची संख्या बदलली होती का? ४७ च्या बरोबर निम्मे म्हणजे साडेतेवीस. पहिला अंक ५० चा आणि दुसरा २५ चा असणार. untrunc फ्रेमची गती चांगल्या फाईलकडून घेते, त्यामुळे नमुना कॅमेऱ्याचाच असून पुरत नाही, सेटिंगही तीच लागते.

सावईची_वाट

आपले म्हणणे अगदी खरे आहे. दुसऱ्या अंकात रंगमंचावर उजेड कमी असतो, म्हणून मी शटर खाली आणून २५ फ्रेम ठेवल्या होत्या आणि ते विसरून गेलो होतो. आज २५ फ्रेमवर, तोच माइक जोडून, दुसऱ्या कार्डावर दोन मिनिटांचा नमुना घेतला आणि तो देऊन पुन्हा चालवले. ४६ मिनिटे ५१ सेकंदांची फाईल मिळाली. अकराव्या मिनिटाला काका मुकुट उतरवून हातात घेतात, त्याच्या कडेची सुटलेली जर दिसते, आणि स्वगतातला एकही शब्द गेलेला नाही. मी ते तीन वेळा पाहिले. आपले उपकार कसे मानावेत ते मला समजत नाही.

एक अडचण उरली आहे. एकतिसाव्या मिनिटानंतर आवाज ओठांच्या साधारण एक सेकंद पुढे जातो.

जुनी_टेप

शेवटचे काही सेकंद कॅमेऱ्याच्या स्मृतीतच राहिले असावेत. ते कार्डापर्यंत पोचले नाहीत, तेव्हा त्यांचा शोध सोडून द्या. आवाज सरकला आहे, कारण तिथे untrunc ला ओळखता न आलेला एखादा तुकडा वगळला गेला असावा. -s लावून पुन्हा चालवून पाहा. नाहीच जुळले, तर एडिटिंगमध्ये एकतिसाव्या मिनिटावर आवाज कापून त्यापुढचा भाग एक सेकंद उशिरा सुरू होईल असा सरकवा. घसरण त्या जागी एकदाच झाली असेल तर एक काप पुरेल, हळूहळू वाढत असेल तर पुरणार नाही.

रानवारा

ध्वनियंत्रणेवाल्याने मिक्सरवरून नाटक ध्वनिमुद्रित केले असेल, तर तोच आवाज चित्राला लावता येईल. हे त्याला आजच विचारा, कारण पुढच्या जत्रेला ते लोक जुने मुद्रण पुसतात.

सावईची_वाट

-s लावूनही एका सेकंदाचा फरक कायम आहे. ध्वनियंत्रणेवाले डिचोलीचे आहेत, त्यांना फोन केला आहे. पेनड्राइव्ह शोधून उद्या सांगतो म्हणाले.