मदत हवी आहे: आयसोअमाईल ॲसिटेटचं यील्ड 72 टक्क्यांच्या वर जातच नाही

प्रयोगवही
एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. फिशर एस्टरिफिकेशनने आयसोअमाईल ॲसिटेट बनवतेय. तासभर रिफ्लक्स केलं तेव्हा 9.4 ग्रॅम मिळालं. काल सहा तास केलं तरी 9.3 ग्रॅमच. सर म्हणतात रिफ्लक्स अजून वाढव. परवा सबमिशन आहे. नक्की काय करू? कृपया लवकर सांगा.

कोकणी_केमिस्ट
किती घेतलं ते तर लिहा. अल्कोहोल किती, ॲसिड किती, सल्फ्युरिक किती?

प्रयोगवही
सॉरी. आयसोअमाईल अल्कोहोल 8.8 ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक 6 ग्रॅम, सल्फ्युरिक 1 मिली. म्हणजे दोन्ही 0.1 मोल. एस्टर 13 ग्रॅम व्हायला हवं, म्हणून 72 टक्के.

बाळासाहेब_लॅब
सल्फ्युरिक वाढवा. 1 मिलीने काय होणार, 4 मिली टाका. सल्फ्युरिक पाणी ओढून घेतं आणि रिॲक्शन पुढे सरकते. आमच्या काळी असंच करायचे.

कोकणी_केमिस्ट
बाळासाहेब, पाणी धरून ठेवण्याचं तुमचं बरोबर आहे, तेवढ्याने समतोल थोडा सरकतो. पण एवढं सल्फ्युरिक 130 अंशाच्या आसपास असलेल्या अल्कोहोलमध्ये गेलं की मिश्रण तपकिरी होतं, सल्फर डायऑक्साइडचा वास येतो आणि थोडं अल्कोहोल पाणी गमावून अल्कीन होऊन जातं. उत्प्रेरक म्हणून लागणारं सल्फ्युरिक फक्त समतोल लवकर आणतं. तो कुठे आणायचा हे त्याच्या हातात नाही.

प्रयोगवही, तुमच्या सरांचा सल्ला इथेच कमी पडतो. एका तासात 9.4 आणि सहा तासांत 9.3, म्हणजे समतोल तासाभरातच आला होता. पुढचे पाच तास एस्टर जितकं बनत होतं तितकंच पाण्यासोबत परत फुटत होतं. या प्रकारच्या अल्कोहोलसाठी समतोल स्थिरांक साधारण 4 धरा. दोन्ही समान मोल असतील तर दोन तृतीयांश एस्टर बनतं, म्हणजे 67 टक्के. बर्थेलो आणि पेआँ द सेंट-जिल यांनी 1862 मध्येच ॲसेटिक आणि इथेनॉलवर हे पाहून ठेवलंय.

आता मला खटकतंय ते वेगळं. 67 ची मर्यादा असताना धुणं-ऊर्ध्वपातन करून 72 कसं आलं? कोणत्या तापमानाला गोळा केलंत?

प्रयोगवही
128 ते 142. वास तर अगदी केळ्याचा आहे.

कोकणी_केमिस्ट
वासावर जाऊ नका, थोडं एस्टर असलं तरी खोली भरून जाते. आयसोअमाईल अल्कोहोल 131 ला उकळतं, एस्टर 142 ला. 128 पासून गोळा केलंत तर न वापरलेलं अल्कोहोलही बाटलीत आलं. तपासायला आयआर लागत नाही. पिपेटने नेमकं 5 मिली घ्या आणि वजन करा. शुद्ध एस्टर 4.38 ग्रॅम भरेल, नुसतं अल्कोहोल 4.05.

सोलापूरचा_शेतकरी
माझाही प्रश्न याच रिॲक्शनचा वाटतोय. जुन्या तळणीच्या तेलापासून बायोडिझेल करतोय. कॉस्टिक टाकलं की साबण होतो, खाली गोळा बसतो. मेथॅनॉल किती टाकू?

निवृत्त_प्लांटवाला
शेतकरी भाऊ, तुमच्या तेलात मोकळी आम्लं जास्त आहेत, म्हणून साबण होतो. आधी सल्फ्युरिकसोबत मेथॅनॉल भरपूर घेऊन ती आम्लं एस्टर करा, मग कॉस्टिकचा टप्पा. आम्ल पुरेसं उतरलं नसेल तर मेथॅनॉल-पाण्याचा थर सोडून ताजं मेथॅनॉल घालून पुन्हा करा. पाणी आत ठेवून नुसतं ढवळत राहिलात तर ते उतरत नाही.

आणि ताई, तुम्हाला एकच सांगतो, पाणी बाहेर काढा. मी पंचवीस वर्षं महाडला एस्टरच्या प्लांटवर काढली. पाणी सतत वरून निघत राहिलं की रिॲक्शनला मागे यायला जागाच उरत नाही. डीन-स्टार्क सापळा लावा, सायक्लोहेक्झेन घाला, आठवड्यात विषय संपेल.

बाळासाहेब_लॅब
टोल्युईन का नको? सगळीकडे टोल्युईनच वापरतात.

निवृत्त_प्लांटवाला
टोल्युईनचं मिश्रण जास्त तापतं आणि त्याच्यासोबत ॲसेटिकही वर येतं. सापळ्यात पाणी म्हणून जे दिसतं त्यात आंबट भाग असतो. सायक्लोहेक्झेनमध्ये ॲसेटिक कमी जातं. ताईंच्या मापात पूर्ण रिॲक्शनला 1.8 मिली पाणी यायला हवं. 2.5 मिली आलं तर खुश होऊ नका, ॲसेटिक चढलंय.

कोकणी_केमिस्ट
दोन दिवसांत डीन-स्टार्क मिळेलच असं नाही. वेगळ्या काचसामानाविना जो मार्ग आहे तो म्हणजे एक घटक जास्त घ्या. कोणता? ॲसेटिक. स्वस्त आहे आणि पाण्याने, मग बायकार्बोनेटने धुऊन जातं. अल्कोहोल जास्त घेतलंत तर ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि 131 व 142 चं अंतर साध्या ऊर्ध्वपातनाला अपुरं पडतं.

अल्कोहोल 0.1 मोलच ठेवा, ॲसेटिक 0.3 मोल, म्हणजे 17 मिली. गणित असं होतं:

x² / ((1−x)(3−x)) = 4

यातून x साधारण 0.90 येतो. 67 वरून 90. दहापट ॲसेटिक घेतलंत तर 97 होईल, पण 1 मोल ॲसेटिक धुवायला लागणारं बायकार्बोनेट आणि फेस परवडणार नाही. सेपरेटिंग फनेलमध्ये आधी दोनदा साध्या पाण्याने धुवा, मग बायकार्बोनेट थोडं थोडं. झाकण लावण्याआधी फेस बसू द्या आणि उलटं केल्यावर कॉक उघडून वायू सोडा. एका मुलाचं झाकण माझ्यासमोर छताला लागलं होतं.

निवृत्त_प्लांटवाला
जास्तीचं ॲसेटिक म्हणजे पैसे नाल्यात. तत्त्वाने पाणी काढणंच बरोबर.

कोकणी_केमिस्ट
प्लांटमध्ये मान्य, तिथे जास्तीचा घटक परत मिळवता येतो. इथे 17 मिलीचा प्रश्न आहे आणि वेळ दोन दिवस.

प्रयोगवही
सरांना दाखवलं. 5 मिलीचं वजन 4.28 ग्रॅम आलं.

कोकणी_केमिस्ट
म्हणजे आकारमानाने सुमारे 70 टक्के एस्टर, बाकी बहुतेक अल्कोहोल. 9.4 ग्रॅमात खरं एस्टर 6.7 ग्रॅमच्या आसपास, यील्ड 52. तुम्हाला अडकलेलं वाटत होतं ते 72 नव्हतंच.

प्रयोगवही
आज 17 मिली ॲसेटिक घेऊन केलं. सल्फ्युरिक 1 मिलीच, रिफ्लक्स तासभर. दोनदा पाण्याने धुतलं, मग बायकार्बोनेट, शेवटी मीठपाणी, मॅग्नेशियम सल्फेटवर सुकवलं. 138 ते 142 गोळा केलं. 10.3 ग्रॅम आलं आणि 5 मिलीचं वजन 4.36 ग्रॅम. सर म्हणाले रिफ्लक्स तीन तास केलं असतं तर 12 झालं असतं.

कोकणी_केमिस्ट
79 टक्के आणि बरंच स्वच्छ. राहिलेलं अंतर धुण्यात, काचेला चिकटून आणि 138 च्या आधी टाकून दिलेल्या भागात गेलं असेल. सरांचं म्हणणं तपासायचं असेल तर तासाभराने आणि तीन तासांनी फ्लास्कमधून प्रत्येकी 1 मिली काढून बर्फाच्या पाण्यात टाका आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून कॉस्टिकने टायट्रेट करा. दोन्ही वेळी कॉस्टिक तितकंच लागलं तर समतोल झाला.

निवृत्त_प्लांटवाला
डीन-स्टार्क मिळालं की एकदा करून आकडे इथे टाका. माझा अंदाज 95 चा आहे.

प्रयोगवही
मागितलंय, शेजारच्या लॅबमध्ये आहे. पण त्यांचा कंडेन्सरचा सांधा वेगळ्या मापाचा आहे. अडॅप्टर कोणाकडे असेल तर सांगा.