फ्रीजरमधलं मटण-मासे किती महिने ठेवता येतं? (मशीन वगैरे घ्यायचं नाहीये)

विसरभोळी
काल फ्रीजर आवरायला घेतला तर तळाशी चार पाकिटं निघाली. चिकनचे तुकडे ७ महिन्यांचे, खिमा ५ महिन्यांचा, बांगडे ४ महिन्यांचे आणि शिजवलेलं मटण रश्श्यासकट साधारण ३ महिन्यांचं. सगळं दगडासारखं कडक आहे. चिकनच्या एका कोपऱ्यावर पांढरट करडे कोरडे डाग आलेत आणि बांगड्याच्या पोटाकडची कड पिवळट दिसतेय. काय ठेवू, काय टाकू? पुढच्या वेळी कशात ठेवायचं तेही सांगा, पण खर्च म्हणजे साध्या पिशव्या आणि एक मार्कर, बस.

कडकलक्ष्मी
सगळं टाक. मी ३ महिन्यांच्या वर काहीच ठेवत नाही. एकदा जुनं चिकन काढलं, सकाळी ओट्यावर ठेवून ऑफिसला गेले, संध्याकाळी येऊन केलं आणि दोन दिवस आम्ही सगळे आडवे. तेव्हापासून कानाला खडा.

यंत्रवेडा
व्हॅक्यूम मशीन घ्या, डोळे झाकून घ्या. माझ्याकडे तीन वर्षं आहे, चिकन दीड वर्षानेही ताजं लागतं. बजेट वाचलं हो, पण एकदाच घ्यायचंय.

बिनधास्त
फ्रीजरमध्ये जंतू मरतात, त्यामुळे कितीही जुनं चालतं. महिने-बिहिने काही नसतं.

थंडगार
१४ वर्षं शीतगृहात काढलीत म्हणून लिहितो. बिनधास्त, तुमचं अर्धं बरोबर आहे. उणे १८ ला जंतू मरत नाहीत, झोपतात. वाढू शकत नाहीत म्हणून तिथे पडून राहिलेलं मांस महिन्यांच्या हिशोबाने विषारी होत नाही, पण बर्फ वितळला की ते उठतात आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू. कडकलक्ष्मी, राग मानू नका, पण तुमचं पोट फ्रीजरने नाही, ओट्याने बिघडवलं. बाहेरचा थर दिवसभर कोमट आणि आत अजून बर्फ, असं झालं असणार. रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं, सकाळपर्यंत हळू सुटतं.

आता महिने कशाचे ते सांगतो. ते चवीचे असतात. चरबीला हवा लागली की ती खवट होते, आणि हे काम थंडीत मंदावतं, थांबत नाही. माशाची चरबी मटणाच्या चरबीपेक्षा फार नाजूक, म्हणून बांगड्यासारखा तेलकट मासा २-३ महिनेच धड राहतो, कमी तेलाचा मासा ६-८ काढतो. खिम्याचं तसंच. मांस दळलं की हवा आतपर्यंत शिरते, म्हणून ३-४ महिने, आणि तेच मांस मोठ्या तुकड्यात असेल तर बरेच जास्त. कच्च्या चिकनचे तुकडे ९ महिने आणि अख्खं चिकन वर्षभर. शिजवलेलं २-३ महिने धरा, पण रश्श्यात बुडालेलं असेल तर हवा कमी लागते, थोडं पुढे जातं.

विसरभोळी
मग चिकनवरचे डाग काय आहेत? बुरशी का?

थंडगार
बुरशी नाही. बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो, तेवढा भाग वाळतो. तो कोपरा शिजवला की चिवट लागेल, कापून टाका, बाकी खा. पिशवीत मोकळा बर्फाचा चुरा आहे का बघा.

विसरभोळी
आहे, चिकनच्या पिशवीत मूठभर! बाकीच्यांत नाही.

थंडगार
तो चुरा म्हणजे चिकनमधलंच पाणी. दार सारखं उघडलं की आतलं तापमान वर-खाली होतं, दर वेळी थोडं पाणी मांसातून निघून पिशवीच्या रिकाम्या जागेत जमतं. शिवाय आतले बारीक बर्फाचे कण मोठे होत जातात आणि मांसाचे धागे फाडतात. वितळल्यावर ताटलीत लाल पाणी खूप सुटलं तर समजा तेच झालंय, खायला हरकत नाही, कोरडं लागेल एवढंच. म्हणून पिशवीतली हवा दाबून काढा, तुकडे चपटे पसरून गोठवा, मग दुसऱ्या पिशवीत घाला. तुमच्या बजेटमध्ये बसतं हे.

आजीचीनात
आमच्याकडे मासे मीठ-हळद लावूनच गोठवतात, जास्त टिकतात.

थंडगार
मिठाने खवटपणा लवकर येतो. मी साधे धुऊन, पुसून ठेवीन, नाहीतर गोठलेल्या माशावर थंड पाणी ओतून पुन्हा गोठवीन, वर पातळ बर्फाचा थर चढतो आणि हवा लागत नाही.

आजीचीनात
आमचे कधी खवट झाले नाहीत पण.

थंडगार
किती दिवसांत संपतात?

आजीचीनात
पंधरा-वीस दिवसांत. तो मुद्दाच नाहीये.

घाईगडबड
माझं शिजवलेलं मटण तीन दिवस खालच्या कप्प्यात आहे, वास येतोय, हे पण चालेल का?

कडकलक्ष्मी
नाही!! टाका. हा धागा फ्रीजरचा आहे.

यंत्रवेडा
फ्रीजरच्या दारावर किती चांदण्या आहेत ते कोणी विचारलंच नाही. तीन किंवा जास्त असतील तरच उणे १८. एक असेल तर उणे ६, तिथे आठवडाभर. दोन म्हणजे उणे १२, महिनाभर धरा. माझ्याकडे दोनच होत्या, म्हणून तर मशीन घेतलं आणि मग वेगळा फ्रीजरही.

विसरभोळी
तीन आहेत. आणि बांगडे?

थंडगार
पिवळी कड म्हणजे तेल खवट झालंय. वास पेंटसारखा, जुन्या तेलासारखा येईल. त्याने कोणी आजारी पडत नाही सहसा, पण मजा नाही. खरा प्रश्न वेगळाच, गोठवायच्या आधी ते किती वेळ बाहेर होते? बांगड्यासारख्या माशात उबेत हिस्टामाइन तयार होतं, ते फ्रीजरने जात नाही, शिजवूनही जात नाही, आणि वासावरून कळेलच असं नाही.

विसरभोळी
आणल्यावर तासाभरात गोठवले होते, बर्फातूनच आणले होते.

थंडगार
मग भीती नाही. तरी मी टाकले असते.

कडकलक्ष्मी
मी तर सगळंच टाकलं असतं.

बिनधास्त
मी काल दीड वर्षाचं मटण खाल्लं, टेचात आहे.

विसरभोळी
अपडेट. चिकन टाकलं. ठीक आहे हे कळतंय पण तो करडा कोपरा बघून हात लावावासा वाटेना. रश्शातलं मटण उत्तम होतं. खिमा जरा जुनाट लागला, मसाला वाढवून खपवला. आणि बांगडे तळले, सगळे नको म्हणाले तरी. मला पहिल्याच घासाला पेंट लागल्यासारखं झालं. सासूबाईंनी चार खाल्ले आणि म्हणाल्या, छान झालेत गं. काल रात्री खाल्ले, आज ठणठणीत आहेत. मार्कर आणला नाही, दुकानात गेले आणि विसरले.

यंत्रवेडा
मशीनचा फोटो टाकू का?