मदत हवी आहे: निफ्टीच्या २३,००० पुटचा भाव ब्लॅक-शोल्सने ३० येतो, बाजारात मात्र ६७. चूक कुठे?

मृण्मयी_ठाणे
मी राहते ठाण्यात, वाशीच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते. प्रोजेक्टसाठी एक्सेलमध्ये ब्लॅक-शोल्स बसवलंय. निफ्टी २४,००० धरला, एक्सपायरीला ३० दिवस, व्याजदर ६.५ टक्के. व्होलॅटिलिटीसाठी मागच्या तीन महिन्यांचे रोजचे परतावे घेतले, त्यांचं प्रमाणित विचलन काढून २५२ च्या वर्गमुळाने गुणलं. वर्षाला १२ टक्के आली. पुटचं सूत्र असं:

```
=B3*EXP(-B5*B4)*NORM.S.DIST(-B8,TRUE)-B2*NORM.S.DIST(-B7,TRUE)
```

B2 मध्ये स्पॉट, B3 स्ट्राइक, B4 वर्षांत मुदत, B5 व्याजदर, B7 आणि B8 मध्ये d1 व d2.

२४,००० चा पुट शीटमध्ये २६८ येतो, बाजारात २८० च्या आसपास. हे समजू शकते. पण २३,००० चा ३० येतो आणि बाजारात ६७! दुपटीहून जास्त. सूत्र तीनदा तपासलं. काय चुकतंय?

खारेगावकर
ताई, तुम्ही डिव्हिडंड धरलाच नाही. स्पॉट सोडा, त्याच महिन्याचा फ्युचर घ्या. तुमच्या व्याजदराने फ्युचर २४,१२८ निघतो, बाजारात तो बहुतेक २४,०९० असेल. फरकाचं मूळ तिथेच आहे.

जुना_डेस्कवाला
खारेगावकर, २४,००० च्या पुटसाठी तुमचं म्हणणं अगदी बरोबर. फ्युचर ३८ अंकांनी खाली घेतला की तो पुट सोळा-सतरा रुपयांनी वर जातो, म्हणजे तिथली तफावत जवळपास मिटली. पण २३,००० च्या पुटचा डेल्टा जेमतेम ०.०८ आहे. त्यात तीनच रुपये वाढतात. ३० चे ३३ झाले, ६७ नाही.

मृण्मयी, तुझं सूत्र बरोबर आहे. स्पॉट, स्ट्राइक, मुदत, व्याज, डिव्हिडंड हे सगळं कुठेतरी बघून लिहिता येतं. व्होलॅटिलिटी तेवढी कुठेच लिहिलेली नसते, आणि तू जी काढलीस ती गेल्या तीन महिन्यांची आहे. बाजार पुढच्या तीस दिवसांचा भाव लावतोय. आता उलटं करून बघ: भाव ६७ धर आणि गोल सीकने व्होलॅटिलिटी शोध. तुझ्या शीटमध्ये १५ टक्के येईल, फ्युचर घेतलास तर पावणेपंधराच्या आसपास. २४,००० ला मात्र १२ च. इंडेक्स एकच, एक्सपायरी एकच, आणि व्होलॅटिलिटी दोन. सूत्रात तर ती एकच असते. गृहीतक मोडतं ते इथे.

ऐरोली_नाका
आमच्या कंपनीने इसॉपची किंमत ह्याच सूत्राने काढून दिली. कंपनी लिस्टेडच नाही, मग व्होलॅटिलिटी आणली कुठून? मला पत्रात नुसता आकडा दिलाय.

जुना_डेस्कवाला
दादा, बहुधा त्याच धंद्यातल्या लिस्टेड कंपन्यांची घेतली असेल. एचआरकडे कोणत्या कंपन्या आणि किती वर्षं धरली ते लेखी मागा. पण तुमचा इसॉप विकता येत नाही, नोकरी सोडली तर बुडतो, म्हणून तो प्रश्न वेगळा. त्यासाठी नवा धागा काढा.

मृण्मयी_ठाणे
सर, गोल सीकने १५ च आले! पण खालच्या स्ट्राइकलाच जास्त का? आणि बाजार महाग लावतोय तर ते पुट विकणं फायद्याचं नाही का?

जुना_डेस्कवाला
विकण्याआधी ४ जून २०२४ बघ, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या संध्याकाळी इंडिया व्हिक्स २० च्या वर होता, म्हणजे बाजार धास्तावलेलाच होता. त्या हिशेबाने एका दिवसाची नेहमीची हालचाल सव्वा टक्का. निफ्टी पडला जवळपास सहा टक्के. सूत्राच्या घंटाकृती वक्रात असा दिवस कित्येक पिढ्यांत यायला नको.

दुसरं म्हणजे, सूत्र असं धरतं की पुट विकणारा भावाबरोबर क्षणोक्षणी फ्युचर विकून स्वतःला सावरत राहील. २३ मार्च २०२० ला निफ्टी १० टक्के पडून सर्किट लागलं, ४५ मिनिटं व्यवहार बंद. त्या वेळात काय विकणार? शिवाय बाजार पडतो तेव्हा व्होलॅटिलिटीही वाढते, म्हणजे विकणाऱ्याला दोन्हीकडून मार. तो जादा पैसे मागणारच. अमेरिकेतही इंडेक्स पुटमधला हा तिरकेपणा ठळक झाला तो ऑक्टोबर १९८७ च्या घसरणीनंतर.

खारेगावकर
पण सगळा जादा भाव काही भीतीचा नसतो. फंडवाले पोर्टफोलिओला विमा म्हणून हेच पुट घेतात, त्या मागणीनेही भाव चढतो.

जुना_डेस्कवाला
मान्य. ६७ मधले किती रुपये खऱ्या धोक्याचे आणि किती मागणीचे, हे नुसत्या भावावरून वेगळं करता येत नाही. म्हणूनच 'महाग आहे, विकून टाका' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मृण्मयी_ठाणे
मग डेल्टा कोणता धरू? १२ टक्क्यांनी ०.०८ येतो, १५ ने ०.१३.

जुना_डेस्कवाला
निदान त्या स्ट्राइकची स्वतःची व्होलॅटिलिटी धर, म्हणजे ०.१३. पण उद्या निफ्टी २३,७०० झाला तर २३,००० ची व्होलॅटिलिटी १५ च राहील की सगळा वक्र निफ्टीबरोबर सरकेल, ह्यावर खरा डेल्टा ठरतो. आमच्या डेस्कवर दोन्ही मतांची माणसं होती. तू रोज साडेतीनला पाच-सहा स्ट्राइकची व्होलॅटिलिटी काढून ठेव, महिनाभराने इथेच टाक.

खारेगावकर
माझं मत, वक्र सरकतो. आकडे आले की बोलू.